रस्सा-भाताचा फोटो वाचा आणि मग वाढा

घरच्या जेवणाचे फोटो चाळताना एक गोष्ट नेहमी जाणवते. तासभर मंद आचेवर मुरलेला, चवीला सगळ्यात सरस असा रस्साच फोटोत सगळ्यात केविलवाणा दिसतो. त्याची कारणं पदार्थातच आहेत. जास्त वेळ शिजल्यावर सगळे रंग तपकिरीकडे झुकतात, फोडींच्या कडा विरघळतात, आणि द्रवाला स्वतःचा आकार नसल्यामुळे तो प्लेटवर वाट फुटेल तिकडे जातो. म्हणून वाढणी सुधारायची तर मी हाच पदार्थ निवडायला सांगेन. रस्सा आणि भात नीट वाढता आला की कोरडे पदार्थ फारसा त्रास देत नाहीत.

आता एक फोटो डोळ्यांसमोर आणा. पांढरी, सपाट, मोठी प्लेट. डाव्या अर्ध्या भागात चमच्याने दाबून पसरलेला भात, उजव्या अर्ध्या भागात चिकन, बटाटा, गाजर आणि मटारचा रस्सा. रस्सा भाताच्या खाली शिरलाय, त्याच्या कडेला पाण्याची फिकट रेघ आहे आणि वर नारिंगी तेलाचे थेंब तरंगतायत. चिकनचे तुकडे रश्श्यात बुडालेत. मटार शेवाळी रंगाचे झालेत. बारीक चिरलेली कोथिंबीर सगळीकडे भुरभुरलीय, प्लेटच्या काठावरसुद्धा. शिवाय सगळा फोटो पिवळट आहे.

असा फोटो पाहिला की पहिला विचार येतो तो सजावटीचा: वर काहीतरी हिरवं घालूया, लिंबाची फोड ठेवूया. तो विचार थोडा लांबणीवर टाका. वर सांगितलेल्या दोषांपैकी निम्मे पातेल्यात तयार झालेत, एक-दोन कॅमेऱ्याचे आहेत आणि उरलेलेच खरे वाढणीचे आहेत. कुठला दोष कुठे जन्मला हे कळलं की दुरुस्ती सोपी होते.

आधी कॅमेऱ्याचे दोष बाजूला काढा

प्लेटच्या पांढऱ्या काठाकडे बघा. तो फोटोत पांढरा दिसत नसेल, पिवळा किंवा निळसर दिसत असेल, तर रंगाचा दोष प्रकाशाचा आहे. अन्नाच्या रंगाबद्दल त्या फोटोवरून काहीच ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या उबदार दिव्याखाली भात पिवळा, गाजर आणि तेल एकाच रंगाचं आणि हिरवी पानं मळकी दिसतात. दिवे बंद करून, फ्लॅश न वापरता, खिडकीजवळ प्लेट ठेवा. प्रकाश एका बाजूने किंवा किंचित मागून यायला हवा, कारण पदार्थाची उंची आणि चमक सावलीमुळेच दिसते. समोरून पडणारा फ्लॅश ती सावली पुसून टाकतो आणि तेलाच्या प्रत्येक थेंबावर पांढरा ठिपका उमटवतो.

फोन प्लेटच्या अगदी जवळ नेला तर पुढचा काठ फुगतो आणि मागचं अन्न लहान दिसतं. साधारण अर्धा मीटर मागे राहून दुप्पट झूम केलात तर प्रमाण बरंच खरं येतं.

आणि एक नाही, दोन फोटो काढा. एक थेट वरून, दुसरा जेवणारा माणूस ज्या कोनातून बघतो त्या तिरक्या कोनातून. वरच्या फोटोत मांडणी कळते, तिरक्या फोटोत उंची. वरून काढलेल्या एकाच फोटोवरून 'पदार्थ चपटा दिसतोय' असं म्हणता येत नाही, कारण वरून सगळंच चपटं दिसतं.

फोटोच्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा: फोटो कृष्णधवल करा. कुठल्याही फोनमध्ये ती सोय असते. रंग गेले की उरतो फक्त उजेड-अंधाराचा फरक, आणि डोळा पदार्थांच्या सीमा ओळखतो त्या मुख्यतः याच फरकावरून. आपल्या उदाहरणात दोन गोष्टी लगेच उघड होतात. भात आणि पांढरी प्लेट एकमेकांत मिसळून गेलीत, त्यामुळे भात कुठे संपतो तेच कळत नाही. आणि रश्श्याचा एक मोठा गडद डाग झालाय, ज्यात चिकन, बटाटा, मटार काहीच वेगळं उरलेलं नाही. रंगीत फोटोत गाजर नारिंगी असल्यामुळे ते उठून दिसतंय असा भास होत होता. इथे तो भास गळून पडतो.

दुसरी परीक्षा: फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा आणि नजर आधी कुठे जाते ते स्वतःला विचारा. जेवणाचा मुख्य भाग चिकन असेल तर नजर चिकनवर जायला हवी. इथे ती जाते काठावरच्या कोथिंबिरीवर, कारण पांढऱ्या काठावरचे गडद ठिपके हाच सगळ्या फोटोतला सगळ्यात तीव्र फरक आहे.

तिसरी परीक्षा सगळ्यात उपयोगाची आहे. फोटो मोठा करा आणि जिथे अन्न प्लेटला भेटतं त्या सीमेवरून सावकाश एक फेरी मारा. मधला भाग बघू नका, फक्त सीमा. पाण्याची रेघ, तेलाची रेघ, चमचा टेकल्याचा डाग, सांडलेला थेंब, भाताचं एकटं शीत: वाढणीची घाई आणि पातेल्यातली चूक, दोन्ही इथेच सापडतात.

आता हातात एक यादी आहे: पाण्याची रेघ, तरंगणारं तेल, काळवंडलेले मटार, बुडालेले तुकडे, प्लेटमध्ये हरवलेला भात, काठावरची कोथिंबीर. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी प्लेटवर सुधारता येत नाहीत.

पातेल्यातली दुरुस्ती

पाण्याच्या रेघेपासून सुरुवात करू, कारण ती इतकी सर्रास दिसते की ती दोष आहे हेही विसरायला होतं. ही रेघ दोन ठिकाणांहून येऊ शकते: रश्श्यातलं पाणी पुरेसं आटलेलं नाही, किंवा भात ओला आहे. कोणाचा दोष ते ओळखायला एक लहान प्रयोग करा. एका बशीत चमचाभर रस्सा आणि दुसऱ्या बशीत चमचाभर भात ठेवून दोन मिनिटं थांबा. ज्याच्याभोवती ओल सुटेल तो दोषी. कधीकधी दोघंही असतात.

रस्सा पातळ असेल तर तो सगळाच्या सगळा उकळत ठेवू नका. तोवर बटाटे फुटतील आणि चिकन तुटेल. झाऱ्याने तुकडे वेगळे काढा, एका भांड्यात झाकून ठेवा आणि फक्त रस रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर आटवा. किती वेळ लागेल हे पातेल्याच्या रुंदीवर आणि आचेवर ठरतं, म्हणून घड्याळापेक्षा खूण बघा. चमचा रसात बुडवून उलटा धरा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच भरून आली तर रस अजून पातळ आहे. रेघ तशीच राहिली तर रस प्लेटवर जागच्या जागी थांबेल. आटताना पाणी जातं पण मीठ राहतं, तेव्हा मीठ आटवून झाल्यावरच शेवटचं चाखून घाला.

घाई असेल तर एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर दोन छोटे चमचे थंड पाण्यात कालवून उकळत्या रसात घाला. रस पुन्हा चांगला उकळला तरच ते दाट होतं. नुसतं गरम रसात ढवळून भागत नाही. थोडंथोडं घालत जा. जास्त झालं तर रसाला चकाकणारा, चिकट थर येतो आणि थंड होताना त्याची लापशी बनते, ती फोटोतही कळते. मला स्वतःला आटवलेला रस जास्त आवडतो, कारण त्यात चवही एकवटते.

भात ओला असेल तर तो शिजल्यावर आच बंद करून झाकण तसंच ठेवून दहा मिनिटं वाफेवर राहू द्या, मग काट्याने हलकेच मोकळा करून दोन मिनिटं उघडा ठेवा. वरची वाफ निघून जाते आणि शितं सुटी होतात.

तरंगणाऱ्या तेलासाठी आच बंद करून रस्सा पाच मिनिटं न ढवळता ठेवा. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर येऊन जमा होतं. पातेलं किंचित कलतं करून डावाने वरच्यावर काढून घ्या. पूर्ण काढू नका. पातळसा तवंग राहिला की रश्श्याला जिवंत चमक येते. दोष आहे तो सुटून प्लेटवर पसरणाऱ्या तेलात.

राहिले मटार. हिरव्या रंगद्रव्यात, म्हणजे हरितद्रव्यात, मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा यांनी तो बाहेर पडतो आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. रश्श्यात टोमॅटो असेल आणि झाकण ठेवून बराच वेळ शिजवलं असेल, तर मटार हिरवे राहण्याची शक्यताच नाही. त्यांना रश्श्यात शिजवूच नका. उकळत्या खारट पाण्यात वेगळे दोनएक मिनिटं शिजवा, थंड पाण्यात टाकून निथळा आणि वाढण्याच्या वेळी चमचाभर गरम रसात घोळवून वर घाला. यामुळे चवही बदलते: रश्श्यात मुरलेल्या मटारापेक्षा हा गोडसर आणि ताजा लागतो.

प्लेट आणि भाताची जागा

सपाट प्लेटवर रस्सा पसरणारच. त्याला भिंत हवी. साधारण 22-23 सेंटीमीटर रुंद आणि तीनेक सेंटीमीटर खोल अशी पसरट, खोलगट प्लेट असेल तर सगळ्यात बरं. अन्न तिच्या मधल्या खोल भागातच राहू द्या आणि काठ पूर्ण रिकामा सोडा. हा रिकामा काठ म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. त्याच्यामुळेच पदार्थाला सीमा मिळते.

पांढऱ्या प्लेटवरच्या पांढऱ्या भाताचं काय? गडद प्लेट घ्या असं सहज सुचतं, पण मग तपकिरी रस्सा तिच्यात हरवतो. हाताशी असलेल्या पांढऱ्या प्लेटवरच याचं उत्तर आहे, फक्त क्रम उलटा करायचा. आधी तळाशी रस ओता आणि भात त्या रसावर ठेवा. आता भाताला टेकून प्लेट नाही, गडद रस आहे. आणि रसाच्या बाहेरच्या कडेला पांढरी प्लेट आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या दिसतात. याची किंमत एवढीच की भाताचा तळ रस शोषू लागतो, म्हणून वाढल्यावर थांबायचं नाही.

प्लेट गरम हवी. ओव्हन 60-70 अंश सेल्सियसवर असेल तर त्यात दहा मिनिटं, नाहीतर गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसलेली चालेल. थंड प्लेटवर रसातली चरबी गोठून कडेने मंद, पांढुरका थर धरते. ती प्लेट हाताला सोसवेल इतकीच गरम असू द्या. फार तापली तर रसाच्या कडा वाळून काळसर रेघ उमटते.

वाढताना

वाढायला सुरुवात करण्याआधी सगळं हाताशी ठेवा: गरम रस एका पातेल्यात, तुकडे झाकलेल्या भांड्यात, मोकळा भात, घोळवलेले मटार, कोरडी पानं, एक चिमटा, एक मोठा चमचा आणि कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं स्वच्छ फडकं. एका प्लेटला दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तयारीत काहीतरी राहिलंय.

डावाचा तळ पातेल्याच्या काठावर टेकवून निथळा, मग 100 मिलिलीटरच्या आसपास रस प्लेटच्या मध्यभागी ओता. बहुतेक थेंब प्लेटच्या काठावर पडतात ते या न निथळलेल्या डावातून.

भात मध्यभागी नको, थोडा एका बाजूला आणि मागे. साधारण दीडशे ग्रॅम शिजलेला भात चमच्याने वरून सोडत लहानसा उंचवटा करा, दाबू नका. वाटीत दाबून उपडा केलेला गुळगुळीत घुमट अनेकांना नीटनेटका वाटतो. मला तो पटत नाही, कारण दाबल्यावर शितं दिसेनाशी होतात आणि भाताचा सगळा मोकळेपणा त्या शितांतच असतो. शिवाय त्या घट्ट गोळ्यावर काही टेकवायला गेलं तर ते घसरतं.

आता चिकन. प्रत्येक तुकडा उचलून बघा. त्याची एक बाजू जास्त खरपूस, जास्त सलग असते. ती बाजू वर आणि जेवणाऱ्याकडे येईल असे तुकडे भाताच्या उतारावर कलते टेकवा. झोपवलेला तुकडा वरून सपाट डाग दिसतो, कलता तुकडा सावली पाडतो. उंची येते ती इथून. त्यासाठी मनोरा रचायची गरज नाही. बटाटे या तुकड्यांच्या मधल्या फटींत बसवा, म्हणजे त्यांना आधारही होतो. गाजराची कापलेली बाजू वर ठेवा, कारण रंग सगळ्यात स्वच्छ तिथे असतो.

तुकडे सम असावेत की विषम, हा प्रश्न हमखास निघतो. विषम संख्या बरी दिसते असा स्वयंपाकी लोकांत जुना संकेत आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या संख्येचे तुकडे असलेल्या प्लेट्सची चित्रं दाखवून हा संकेत तपासला. सम-विषमचा तसा ठाम नियम त्यांना सापडला नाही; लोकांचा कल जास्त अन्न असलेल्या प्लेटकडे दिसला. तेव्हा तीन तुकडे दिसायला सोयीचे असतात म्हणून चौथा पातेल्यात ठेवू नका.

तुकडे मांडून झाले की पुन्हा चमचाभर गरम रस घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या खालच्या अर्ध्या भागावरून सोडा. वरचा अर्धा भाग उघडा राहू द्या. बाहेर काढून ठेवलेल्या मांसाचा पृष्ठभाग काही मिनिटांतच कोरडा आणि निस्तेज होतो. या रसाने चमक परत येते आणि खरपूस भागही झाकला जात नाही. अख्खा तुकडा रसाने माखला तर आपण पहिल्या फोटोतल्या गडद डागापाशी परत येतो.

मटार एका ठिकाणी ढीग करून नकोत आणि सगळीकडे सारखे पेरूनही नकोत. चिकनच्या पायथ्याशी रसात थोडे दाट, मग पुढे दोन-तीन सुटे.

पानांना आता मोजकंच काम उरलंय. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करा; ओली चिरली की ती गोळा होते आणि गडद गुठळ्यांसारखी दिसते. चिरण्याऐवजी छोटे अख्खे डहाळे घ्या आणि ते फक्त चिकनच्या जवळ ठेवा, जिथे नजर न्यायची आहे तिथे. वाफेवर पानं अर्ध्या मिनिटात मान टाकतात, म्हणून हे सगळ्यात शेवटी. प्लेटवर जे ठेवाल ते घासाबरोबर खाता यावं असंच ठेवा.

मग फडक्याने काठ पुसा, आतून बाहेर, एकाच दिशेने. रस तेलकट असेल तर फडक्याच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, डाग पसरत नाही. प्लेट नेताना रस काठावर चढला तर तो जास्त झालाय. पुढच्या प्लेटला वीसेक मिलिलीटर कमी करा आणि जादा रस वेगळ्या भांड्यात टेबलावर ठेवा.

दुसरा फोटो

त्याच खिडकीजवळ, जमल्यास दिवसाच्या त्याच वेळी, त्याच दोन कोनांतून फोटो काढा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून तिन्ही परीक्षा पुन्हा करा. एक-दोन झटपट फोटो पुरेत, जेवण निवतंय.

आपल्या उदाहरणात कृष्णधवल फोटोत आता भाताची कड स्पष्ट दिसते, कारण ती रसाला टेकलीय. लहान केलेल्या फोटोत नजर चिकनवर जाते. सीमेच्या फेरीत पाण्याची रेघ नाही, तेल फक्त एका बाजूला पातळ चमकतंय, काठ कोरा आहे. एक दोष मात्र राहिलाय: बटाट्यांच्या कडा फुटून त्यांचा पिठूळ गाळ रसात उतरलाय आणि त्यामुळे रस एका कोपऱ्यात गढूळ दिसतो. वाढताना यावर इलाज नाही. पुढच्या वेळी शिजल्यावर पिठूळ न होणारा, घट्ट जातीचा बटाटा घ्यावा, चार सेंटीमीटरच्या मोठ्या फोडी कराव्यात आणि त्या सुरुवातीपासून न घालता चिकन अर्धं शिजल्यावर घालाव्यात. सुरी सहज आत गेली की फोडी लगेच बाहेर काढून झाकून ठेवायच्या आणि रस त्यांच्याशिवाय आटवायचा.